दादा-वहिनींची बावीस लाखांची पुंजी: एफडीची अ‍ॅप आणि डिजिटल सोनं कसं तपासावं

माझा मावसभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला. वय ६६, वहिनी ६२. पेन्शन नावापुरती. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या ठेवी मिळून हातात २२ लाख रुपये आणि महिन्याला घरात किमान बारा हजार व्याज यायला हवं, असा त्यांचा हिशेब. २०२५च्या दिवाळीनंतर मी मिरजेला गेलो तेव्हा दादानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोन अ‍ॅप होती. एकात वेगवेगळ्या बँकांचे एफडीचे दर ओळीनं मांडलेले, दुसऱ्यात दहा रुपयांपासून डिजिटल सोनं. मुलानं दोन्ही लावून दिली होती. दादाच्या मनात तीन लाखांचं सोनं आणि बाकीची रक्कम सगळ्यात वरचा दर देणाऱ्या बँकेत, असं ठरत आलं होतं.

मी सहकारी बँकेच्या ठेव विभागात सव्वीस वर्षं काढली. ठेवीदार दर विचारतात. पैसा नेमका कोणाकडे जातो आणि कोणाच्या नावावर राहतो, हे क्वचितच विचारतात. अ‍ॅपवरही तेच होतं, कारण तिथं सर्वांत मोठ्या अक्षरात दरच लिहिलेला असतो. म्हणून आम्ही दोन दिवस बसून ज्या क्रमानं तपासणी केली, त्याच क्रमानं इथं लिहितो.

पहिली पायरी: अ‍ॅप बाजूला ठेवून आधी पोस्टाचा विचार

एफडी तुलनेची अ‍ॅप, उदाहरणार्थ स्टेबल मनी, पैसाबझार किंवा बँकबझार, ठेवी स्वतः घेत नाहीत. ती ग्राहकाला बँकेपर्यंत पोचवतात आणि बहुतेक वेळा त्याचा मोबदला त्यांना बँकेकडून मिळतो. त्यामुळे ज्यांच्याशी करार आहे त्या बँका ठळक दिसतात. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची बँक त्या यादीत असेलच असं नाही. आणि साठी उलटलेल्यांसाठी सर्वांत कामाची योजना, म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना, दादाच्या अ‍ॅपमध्ये कुठेच नव्हती.

ही योजना पोस्टात आणि ठरावीक बँकांत उघडता येते. २०२५-२६मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पुढची पाच वर्षं बदलत नाही आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, नवरा-बायको दोघांचीही मर्यादा वेगवेगळी. सरकारी योजना असल्यानं बँक बुडण्याची भीती इथं लागू नाही. २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, चार वेळा कमी करून ६.५०वरून ५.२५पर्यंत आणला आणि बँकांचे एफडीचे दर उतरत गेले. अशा वेळी पाच वर्षांसाठी बांधलेला ८.२ टक्के दर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिची अडचणही सांगतो. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज मिळत नाही, आधी दिलेलं असेल तर मुदलातून वळतं होतं. वर्षानंतर मोडलं तर मुदलातून दीड टक्का जातो आणि दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणून सगळेच पैसे इथं अडकवायचे नसतात, आणि उरलेल्या पैशांसाठीच अ‍ॅप उघडायचं असतं.

दुसरी पायरी: दराखालचं नाव वाचा

अ‍ॅपच्या यादीत दोन तऱ्हेच्या संस्था एकाखाली एक दिसतात. एक बँक, त्यात स्मॉल फायनान्स बँकाही आल्या. दुसरी वित्त कंपनी, जिला एनबीएफसी म्हणतात. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचं विमा संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२०पासून हे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपये इतकं आहे. वित्त कंपनीच्या ठेवीला हा विमा नाही, कंपनी कितीही मोठी असो. तिथं पतमानांकन बघायचं असतं. पण मानांकन हे मत आहे, हमी नाही.

आपल्याकडे यात तिसरी संस्था धरावी लागते, ती म्हणजे पतसंस्था. ती अ‍ॅपवर नसते, ओळखीच्या माणसामार्फत घरी येते आणि एक-दोन टक्के जास्त देते. वहिनींनी मला विचारलं, "पतसंस्था आणि सहकारी बँक एकच ना?" नाही. सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिथल्या ठेवींना विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही, मल्टीस्टेट पतसंस्था असली तरी नाही. दारावरच्या पाटीत 'बँक' हा शब्द आहे का आणि डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावरच्या विमाधारक बँकांच्या यादीत ते नाव आहे का, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं.

तिसरी पायरी: पाच लाखांची रेघ व्याजासकट ओढा

दादाच्या अ‍ॅपवर एका स्मॉल फायनान्स बँकेचा ज्येष्ठांसाठीचा दर ७.७५ टक्के दिसत होता. चार लाख ठेवले तर पाचच्या आतच आहोत, असं त्याला वाटलं. मी गणित करून दाखवलं. व्याज मुदलात मिळवत जाणारी तीन वर्षांची ठेव घेतली, तर तिमाही चक्रवाढीनं चार लाखांचे सुमारे ५ लाख ३ हजार ५०० होतात. म्हणजे मुदत संपता संपता ठेव विम्याच्या रेघेबाहेर गेली. तेच चार लाख दर तिमाहीला व्याज हातात घेऊन ठेवले, तर रक्कम कायम चार लाखांच्या आसपास राहते आणि घरखर्चालाही पैसे येतात. निवृत्त जोडप्यानं दुसरा प्रकार घ्यावा.

आता जोडप्याच्या फायद्याची गोष्ट. विमा नावानुसार मोजतात. दादाच्या एकट्याच्या नावावरची ठेव एक, वहिनींच्या एकटीच्या नावावरची दुसरी, 'दादा आणि वहिनी' अशी संयुक्त तिसरी, आणि 'वहिनी आणि दादा' असा नावांचा क्रम उलटा असलेली चौथी. चारही वेगवेगळ्या धरल्या जातात आणि प्रत्येकीला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. एकाच माणसाच्या नावानं त्याच बँकेच्या दोन शाखांत ठेवी असतील तर मात्र त्यांची बेरीज होते.

मला आमच्या शाखेतल्या बाकावर बसलेली एक आजी आजही आठवते. तिचे सगळे पैसे एका नावावर, एका बँकेत होते आणि त्या बँकेवर निर्बंध आले होते. पाच लाख मिळाले, वरचे अडकले. नावं फक्त वाटून ठेवली असती तर सगळे मिळाले असते.

चौथी पायरी: अ‍ॅपवर संयुक्त नाव टाकता येतं का?

इथं आम्ही बराच वेळ अडलो. दादाकडे असलेल्या अ‍ॅपमध्ये ठेव एकाच नावावर होत होती, दुसऱ्याला फक्त नॉमिनी करता येत होतं. वहिनी म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे मीच की. मग अडलं कुठे?"

फरक गरजेच्या वेळी कळतो. दादा दवाखान्यात असला, बेशुद्ध असला, तर नॉमिनीला ठेव मोडता येत नाही. नॉमिनीचा अधिकार ठेवीदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा सूचनेची संयुक्त ठेव असेल, तर मुदत संपल्यावर कोणा एकाच्या सहीनं पैसे मिळतात. मुदतीआधी मोडायची असेल तर मात्र सहसा दोघांच्या सह्या लागतात. आणि एक जण गेल्यावर उरलेल्याला ती मुदतीआधी मोडता यावी म्हणून तशी लेखी सूचना दोघांनी आधीच द्यावी लागते. ठेव उघडतानाच्या अर्जात तो रकाना असतो, बहुतेक जण तो कोरा सोडतात.

म्हणून आम्ही असं ठरवलं. अडीअडचणीचे पैसे जवळच्या शाखेत जाऊन संयुक्त नावानं ठेवायचे, तेही थेट बचत खात्यात, म्हणजे कोणालाही काढता येतील. अ‍ॅपवरून करायच्या ठेवी दोन, एक दादाच्या मोबाइलवरून दादाच्या नावानं आणि एक वहिनींच्या मोबाइलवरून वहिनींच्या नावानं, एकमेकांना नॉमिनी करून.

पाचवी पायरी: दर आणि यील्ड यांत गोंधळू नका

काही पडद्यांवर दोन आकडे असतात, व्याजदर आणि यील्ड. यील्डचा आकडा नेहमी मोठा आणि तोच ठळक. ८ टक्के दरानं एक लाख पाच वर्षं तिमाही चक्रवाढीनं ठेवले तर १,४८,५९५ होतात. वाढलेल्या ४८,५९५ला पाचानं भागलं की वर्षाला ९.७२ टक्के असा आकडा येतो. तो खोटा नाही, पण त्याची दुसऱ्या बँकेच्या ८ टक्के दराशी तुलना केली तर फसगत होते. दोन ठेवींची तुलना करताना मुदत एकच निवडा, व्याज घेण्याची पद्धत एकच निवडा आणि व्याजदराचाच आकडा बघा.

दर महिन्याला व्याज घेतलं तर तिमाहीपेक्षा किंचित कमी मिळतं, कारण ते आधी हातात येतं. एका लाखावर ८ टक्क्यांनी तिमाहीला २,००० येतात, पण महिन्याला ६६६ नव्हे, सुमारे ६६२. फरक किरकोळ आहे. महिन्याचा बाजार त्यावर अवलंबून असेल तर खुशाल मासिक घ्यावं.

'९ टक्क्यांपर्यंत' असं लिहिलेलं दिसलं तर तो दर कोणत्या मुदतीला आहे ते उघडून बघा. बहुधा एखाद्या विचित्र दिवसांच्या मुदतीला असतो. जन्मतारीख भरल्याशिवाय ज्येष्ठांचा दर दिसत नाही, तेव्हा ती आधी भरा.

सहावी पायरी: मोडायची वेळ आली तर?

एक कोटीपर्यंतची साधी एफडी मुदतीआधी मोडू देणं बँकांना बंधनकारक आहे. कर वाचवणारी पाच वर्षांची एफडी याला अपवाद, ती मोडता येत नाही आणि अ‍ॅपच्या यादीत ती इतरांमध्येच मिसळलेली असू शकते.

मोडल्यावर काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो, कारण काउंटरवर याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त वाद व्हायचे. समजा चार लाख दोन वर्षांसाठी ७.७५ टक्क्यांनी ठेवले आणि आठव्या महिन्याअखेर मोडले. बँक आठ महिन्यांच्या मुदतीला लागू असलेला दर लावते, समजा साडेसहा. त्यातून दंड म्हणून एक टक्का वजा. राहिले साडेपाच. या दरानं आठ महिन्यांचं व्याज होतं १४,६६७. पण दोन तिमाह्यांचं व्याज म्हणून १५,५०० तुम्ही आधीच घेतलेले असतात. जादा दिलेले ८३३ मुदलातून वळते होतात आणि खात्यात ३,९९,१६७ येतात. ठेवीदाराला वाटतं बँकेनं मुद्दल खाल्लं. तसं नसतं, पण हे आधी माहीत असलेलं बरं. दंडाचा टक्का बँकेप्रमाणे बदलतो. ठेवीच्या अटींत 'मुदतपूर्व' या शब्दापाशी तो लिहिलेला असतो.

सातवी पायरी: प्रत्यक्ष ठेव करताना

अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून कधीही नाही. व्हिडिओ केवायसीसाठी मूळ पॅन कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल, कोरा कागद आणि पेन जवळ ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसा. वहिनींचा पहिला प्रयत्न पाठीमागून उजेड येत होता म्हणून फसला. समोरचा अधिकारी फोटो घेईल, पॅन दाखवायला सांगेल, सही करायला सांगेल. ओटीपी बोलून दाखवायला किंवा मोबाइलचा पडदा शेअर करायला सांगितलं तर कॉल तिथंच तोडा.

आम्ही आधी फक्त दहा हजारांची ठेव केली. पावतीवर बँकेचं नाव, ठेव क्रमांक, दर, मुदत, व्याज देण्याची पद्धत आणि नॉमिनी हे सगळं वाचलं. मग अ‍ॅप बंद करून बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ग्राहक सेवेचा क्रमांक घेतला आणि तिथं फोन करून ती ठेव खरोखर नोंदलेली आहे याची खात्री केली. ही तपासणी वगळू नका. खोट्या अ‍ॅपवरही पावती अगदी सुबक दिसते, पण बँकेकडे तिची नोंद नसते. पैसे चुकीच्या जागी गेल्याचं लक्षात आलं तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा; जितका लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आठवी पायरी: डिजिटल सोनं हजार रुपयांनी तपासा

दादाचा युक्तिवाद सरळ होता, "सोनं वर्षभरात कुठल्या कुठे गेलं. एफडी काय देते?" मी त्याला हजार रुपयांचं डिजिटल सोनं घ्यायला लावलं आणि त्याच मिनिटाला विक्रीचा भाव बघायला सांगितला.

डिजिटल सोन्यात खरेदीचा भाव वेगळा आणि विक्रीचा वेगळा असतो. खरेदीवर शिवाय ३ टक्के जीएसटी. समजा खरेदीचा भाव ग्रॅमला १२,६०० आहे. जीएसटी धरून १२,९७८ गेले. त्याच क्षणी विक्रीचा भाव १२,२०० आहे. म्हणजे ग्रॅममागे ७७८ रुपये, सुमारे ६ टक्के, पहिल्याच मिनिटाला गेले. दादाच्या ७.७५ टक्क्यांच्या एफडीचं हे नऊ महिन्यांहून अधिकचं व्याज झालं. आपल्या अ‍ॅपवर ही वजाबाकी कोणालाही करता येते: जीएसटीसह खरेदी भावातून विक्री भाव वजा करायचा.

भाव वाढतोच, असंही नाही. २०१२मध्ये दहा ग्रॅमला साधारण ३१ हजार होते. २०१५मध्ये ते २६ हजारांच्या आसपास आले आणि वर्षाची सरासरी पुन्हा ३१ हजारांवर जायला २०१८ उजाडलं. सहा वर्षं सोन्यानं एक रुपया व्याज दिलं नाही. त्या काळात कोणी निवृत्त झालेला माणूस घरखर्चासाठी सोनं मोडत राहिला असता तर त्याचं मुद्दलच झिजलं असतं.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. पेमेंट अ‍ॅप फक्त दुकानाची खिडकी आहे. सोनं विकणारी कंपनी वेगळी असते, जसं एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड किंवा ऑगमाँट. बिलावर तिचं नाव असतं, ते वाचावं. ८ नोव्हेंबर २०२५ला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं जाहीरपणे सांगितलं की असं डिजिटल सोनं त्यांच्या नियमनाखाली येत नाही आणि काही बिनसलं तर गुंतवणूकदाराला सेबीचं संरक्षण मिळणार नाही. सोन्यात पैसे ठेवायचेच असतील तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकलं जाणारं सोन्याच्या फंडाचं युनिट, सेबीच्या देखरेखीखाली आहे. डीमॅट खातं नसेल तर म्युच्युअल फंडाचा गोल्ड फंड घेता येतो. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४नंतर झालेली नाही.

पण दादाला मी गोल्ड फंडही घ्यायला सांगितला नाही. वहिनींकडे आठ तोळे सोनं आहे. त्या वेळच्या भावानं ते नऊ लाखांच्या पुढे जात होतं. २२ लाखांच्या पुंजीशेजारी एवढं सोनं असताना आणखी तीन लाख त्यातच घालायला कारण उरत नाही. वहिनींना नातीच्या कानातल्यासाठी महिन्याला पाचशे बाजूला काढायचे होते. ते डिजिटल सोन्यात चालेल, म्हटलं, कारण ते विकायचं नसून शेवटी वस्तू म्हणूनच घ्यायचं आहे. नाण्याची घडणावळ आणि घरपोच देण्याचे पैसे वेगळे पडतील, एवढं ध्यानात ठेवावं.

शेवटी झालेली वाटणी

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बारा लाख, दोघांच्या नावे सहा-सहा. प्रत्येकाला तिमाहीला १२,३०० म्हणजे मिळून २४,६००. स्मॉल फायनान्स बँकेत आठ लाख, प्रत्येकी चार, तिमाही व्याजानं, मिळून १५,५००. उरलेले दोन लाख जवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत संयुक्त नावानं. तिमाहीला ४०,१०० येतात, महिन्याला १३,३६६ पडतात. बचत खात्याचं व्याज धरलेलंच नाही.

कराचं पाहिलं तर २०२५-२६पासून ज्येष्ठांना एका बँकेकडून वर्षाला एक लाखापर्यंत व्याज मिळालं तर टीडीएस कापत नाहीत. दोघांचं प्रत्येक ठिकाणचं व्याज त्याच्या बरंच आत आहे, त्यामुळे टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा १५एच फॉर्म भरायचीही गरज पडली नाही. सगळी रक्कम दादाच्या एकट्याच्या नावावर असती तर पोस्टातलं वर्षाचं व्याज ९८,४०० झालं असतं, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर.

आपोआप नूतनीकरणाचा पर्याय आम्ही बंद ठेवला, कारण दोन वर्षांनी दर काय असतील ते तेव्हाच बघायचं आहे. मात्र मुदत संपल्यावर पैसे बँकेतच पडून राहिले तर त्यावर बचत खात्याचा किंवा ठेवीचा, यांतला कमी असेल तो दर मिळतो. म्हणून वहिनींनी कालनिर्णयच्या मागे लावायची एक वही केली. तिच्यात प्रत्येक ठेवीचा क्रमांक, बँक, मुदत संपण्याची तारीख, नॉमिनी आणि ती कोणाच्या मोबाइलवर आहे ते लिहिलं. पासवर्ड लिहिले नाहीत. तीच दोन पानं मुलालाही फोटो काढून पाठवली.